दोन्ही पायांत ताकद नसेल तर: हँड कंट्रोलची गाडी, आरसी आणि लायसन्स यांचा पुण्यातला क्रम

हँड कंट्रोलची, म्हणजे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर पायाऐवजी हाताने चालवायची गाडी घ्यायची ठरली की बहुतेक घरांत पहिला प्रश्न असतो, किट कुठून बसवायचं? माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे. त्याआधी डॉक्टरांचा कागद येतो, मग गाडीची निवड आणि त्यानंतर किट. हा क्रम उलटा झाला की किट बसवलेली गाडी दारात उभी राहते, पण आरसीवर त्याची नोंद नसते आणि चालवणाऱ्याच्या लायसन्सवर अशा बदललेल्या गाडीचा वर्ग नसतो. मग सहा-सहा महिने आरटीओच्या फेऱ्या सुरू होतात. डॉक्टरांचं प्रमाणपत्र, गाडीची आरसी आणि लायसन्स या तिन्ही कागदांवर एकच गोष्ट लिहिलेली असायला हवी. ती कशी लिहून घ्यायची, तेच इथे सांगतो.

अवयवांच्या अपंगत्वाचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. ज्यांचा फक्त डावा पाय अधू आहे त्यांना ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाचं कामच नसतं, त्यामुळे गाडीत काही बदलावं लागत नाही. प्रश्न उरतो तो वैद्यकीय प्रमाणपत्राचा. उजवा पाय अधू असेल तर डाव्या पायाने दाबायचा ॲक्सिलरेटर बसवतात. एकाच हाताने गाडी चालवणाऱ्यांना स्टिअरिंगवर गोल नॉब लागतो. या लेखात मी सगळ्यात जास्त काम असलेली बाजू घेतली आहे, म्हणजे दोन्ही पाय पेडलवर भरवशाने काम करत नाहीत, हात मात्र चांगले आहेत.

उदाहरण म्हणून सिंहगड रोडला राहणाऱ्या ३४ वर्षांच्या एक ताई डोळ्यांसमोर ठेवू. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पायांना कॅलिपर, चालायला कुबड्या. नोकरी बाणेरला. आजवर गाडी कधी चालवलेली नाही. त्यांच्यासोबत एकेक पायरी चढत जाऊ.

कायदा नेमकं काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात पूर्वी 'इनव्हॅलिड कॅरेज' असा वर्ग होता आणि त्याची व्याख्या फार अडचणीची होती. गाडी मुळातच अपंग व्यक्तीसाठी बनवलेली हवी, नुसती बदल केलेली चालणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. म्हणजे शोरूममधून घेतलेल्या गाडीला किट बसवलं तर ती त्या व्याख्येत धड बसतच नव्हती. त्यातच जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल गाडीत करता येणार नाहीत. निकालाचा रोख वेगळ्याच बदलांवर होता, पण गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ सगळ्यांनाच लागू असल्याने आपल्या वाटेचीही चिंता वाढली.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने वाट मोकळी केली. आता वर्गाचं नाव 'अडॅप्टेड व्हेईकल' आहे, आणि खास बनवलेली गाडी व नंतर बदल केलेली गाडी अशा दोन्ही त्यात येतात. कलम ५२ च्या पोटकलम २ प्रमाणे स्वतःच्या मालकीच्या गाडीत असा बदल करून त्यानंतर आरटीओची मंजुरी घेता येते. इतर बदलांना आधी परवानगी लागते, इथे नंतरची मंजुरी चालते. हा मोठा फरक आहे आणि काउंटरवरच्या प्रत्येकाला तो पाठ असेलच असं नाही. म्हणून या कलमाची छापील प्रत फाईलमध्ये ठेवा. वाद घालण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.

मात्र या व्याख्येत एक अट आहे आणि ती घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवायला हवी. अशी गाडी फक्त त्या व्यक्तीने किंवा त्या व्यक्तीसाठी वापरायची असते. ताईंना दवाखान्यात नेण्यासाठी भावाने चालवली तर ती त्यांच्यासाठीच चालली. भाऊ मित्रांबरोबर ताम्हिणीला घेऊन गेला तर ती या अटीत बसत नाही. अपघात झाला आणि विम्याचा सर्व्हेअर आला, तर हा प्रश्न विचारला जाऊ शकतो.

पहिली पायरी: डॉक्टर

यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र नसेल तर आधी त्याचा अर्ज करा. तो swavlambancard.gov.in वर होतो. पुण्यात तपासणीसाठी ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय ही नेहमीची ठिकाणं. हे कार्ड अपंगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी सांगतं. गाडी चालवता येईल की नाही, हे ते सांगत नाही. इथेच खूप जण फसतात. ७५ टक्के लिहिलेलं कार्ड काउंटरवर ठेवलं की समोरच्याला वाटतं, इतकं अपंगत्व आहे तर लायसन्स कसं द्यायचं? कार्डावर लिहिलेलं असतं काय गेलं आहे ते. लायसन्ससाठी महत्त्वाचं असतं काय शिल्लक आहे ते.

ते लिहिण्याची जागा म्हणजे नमुना १-ए, डॉक्टरांचं वैद्यकीय प्रमाणपत्र. अर्जासोबत नमुना १ हे स्वतःचं निवेदनही द्यावं लागतं. त्यात थेट प्रश्न आहे: हात किंवा पाय गमावला आहे का, किंवा हातापायांच्या हालचालीत, ताब्यात वा ताकदीत दोष आहे का? इथे खरं तेच लिहायचं. एजंट 'नाही' वर खूण करून सर्वसाधारण चारचाकीचं, म्हणजे एलएमव्ही लायसन्स काढून देतो म्हणाला तरी त्या वाटेला जाऊ नका. खोट्या निवेदनावर मिळालेलं लायसन्स पहिल्याच दाव्यात उघडं पडतं.

नमुना १-ए साठी शक्यतो हाडांचे डॉक्टर किंवा पुनर्वसन तज्ज्ञ गाठा, आणि नुसतं 'फिट' लिहून घेऊ नका. ताईंच्या बाबतीत मी डॉक्टरांना अशा अर्थाचं लिहायला सांगेन: दोन्ही पायांत पेडल दाबण्याइतकी ताकद नाही, दोन्ही हातांची ताकद, पकड आणि खांद्यांची हालचाल पूर्ण आहे, आधाराशिवाय बसण्याचा तोल चांगला आहे, हाताने चालवायचा ब्रेक व ॲक्सिलरेटर असलेली ऑटोमॅटिक गाडी चालवण्यास सक्षम. नमुन्यात जागा नसेल तर वेगळ्या लेटरहेडवर घ्या. कायद्याच्या कलम ८ मध्ये अपंगत्वामुळे अर्ज नाकारण्याची तरतूद आहे, पण त्याच कलमात असंही आहे की अर्जदार अडॅप्टेड व्हेईकल चालवण्यास योग्य आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर त्या वर्गापुरतं लायसन्स देता येतं. वरची चार वाक्यं ही खात्री पटवण्यासाठीच आहेत.

पोलिओमध्ये पायांना स्पर्श कळतो आणि पाय आपोआप झटके देत नाहीत. मज्जारज्जूला इजा झालेल्यांचं तसं नसतं. त्यांचा पाय अचानक ताठ होऊन पेडलवर आपटू शकतो, आणि त्यासाठी दिलं जाणारं बॅक्लोफेनसारखं औषध झोप आणतं. अशा व्यक्तीने डॉक्टरांशी औषधाच्या वेळा आणि डोस यांबद्दल आधी बोलून घ्यावं, आणि गाडीत पेडलच्या पुढे संरक्षक पत्रा लावून घ्यावा.

दुसरी पायरी: गाडी निवडणं

हँड कंट्रोलसाठी गाडी ऑटोमॅटिकच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. क्लच हाताने चालवायची किटंही मिळतात, पण ब्रेक, ॲक्सिलरेटर, क्लच, गिअर आणि स्टिअरिंग एवढं सगळं दोन हातांवर टाकून लक्ष्मी रोडच्या गर्दीत शिरणं म्हणजे स्वतःवर अन्याय.

ऑटोमॅटिकमध्येही फरक आहे आणि तो पुण्यात लगेच जाणवतो. एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्राने चालवणारी गाडी, स्वस्त असते, पण चढावर ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर देईपर्यंत काही गाड्या मागे घरंगळतात. पायाने चालवणारा अशा वेळी हँडब्रेक ओढून धरतो. हाताने चालवणाऱ्याचा एक हात लिव्हरवर, दुसरा स्टिअरिंगवर. हँडब्रेक सोडायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून कात्रज किंवा बोपदेव घाटात, किंवा सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगच्या चढावर, हिल होल्ड, म्हणजे ब्रेक सोडल्यावर काही सेकंद गाडी चढावर धरून ठेवणारी सोय, नसलेली गाडी खरोखर धोक्याची ठरते. टेस्ट ड्राइव्हला शोरूमच्या माणसाला अशाच एखाद्या चढावर गाडी थांबवायला लावा, ब्रेक सोडायला सांगा, आणि गाडी किती सेकंद जागच्या जागी राहते ते बघा. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर या प्रकारची ऑटोमॅटिक असेल तर हा त्रास कमी. इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी स्वतःच वेग कमी करते, त्यामुळे गर्दीत ब्रेकच्या लिव्हरवर जोर देण्याचं काम बरंच कमी होतं आणि संध्याकाळी खांदा कमी दुखतो.

बाकी गोष्टी टेस्ट ड्राइव्हला स्वतः बसून बघायच्या. सीटची उंची कुबड्यांवरून किंवा व्हीलचेअरवरून सरकायला सोयीची आहे का, दार पुरेसं उघडतं का, कुबड्या मागे टाकता येतात का. कॅलिपर घालून बसल्यावर गुडघा स्टिअरिंगच्या खाली कुठे लागतो, ते नीट बघा. तिथूनच किटचे रॉड जाणार आहेत.

किमतीबद्दल एक जुनी समजूत आता बदलायला हवी. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर अपंग व्यक्तींना २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी लागायचा. त्यासाठी अवजड उद्योग मंत्रालयाचं प्रमाणपत्र आणि पाच वर्षं गाडी न विकण्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागे. २२ सप्टेंबर २०२५ पासून याच आकाराच्या गाड्यांचा दर सगळ्यांसाठीच १८ टक्के झाला आहे. त्यामुळे जुने लेख वाचून त्या प्रमाणपत्रासाठी गाडी थांबवून ठेवू नका. ज्यांनी पूर्वी ही सवलत घेतली आहे, त्यांनी पाच वर्षांची अट मात्र लक्षात ठेवावी.

गाडी ताईंच्याच नावावर घ्यायची. नोंदणीच्या अर्जात, म्हणजे नमुना २० मध्ये, २०२० पासून मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' असा पर्याय आहे. डीलर सवयीने 'वैयक्तिक' निवडून मोकळा होतो. अर्जावर सही करण्याआधी तो रकाना स्वतः वाचा.

तिसरी पायरी: किट आणि त्याची तपासणी

हँड कंट्रोलची रचना साधी आहे. स्टिअरिंगच्या खाली, कॉलमला धरून एक लिव्हर बसते. तिच्यापासून दोन रॉड खाली जातात. एक ब्रेकच्या पेडलला क्लॅम्पने जोडलेला, दुसरा ॲक्सिलरेटरला. बहुतेक किटांत लिव्हर पुढे ढकलली की ब्रेक लागतो, आणि स्वतःकडे ओढली किंवा खाली दाबली की ॲक्सिलरेटर. ब्रेक नेहमी ढकलण्याचाच असावा. अचानक थांबवताना शरीर पुढे झुकतं आणि तो जोर ब्रेकलाच मिळतो. उलट रचना असेल तर झुकणाऱ्या शरीरासोबत ॲक्सिलरेटर दाबला जाईल. एक हात कायम लिव्हरवर असल्याने स्टिअरिंग दुसऱ्या एकाच हाताने फिरवावं लागतं, म्हणून नॉब हवाच.

किट घेताना पहिली मागणी मान्यतेच्या प्रमाणपत्राची करा. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ मध्ये ज्या तपासणी संस्थांची नावं आहेत, त्यांतल्या दोन पुण्यातच आहेत: कोथरूडची एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी. अशा संस्थेने तपासलेल्या किटचं प्रमाणपत्र, त्यावरचं किटचं मॉडेल आणि बिलावरचं मॉडेल एकच असायला हवं. गल्लीतल्या वेल्डरने बनवलेली लिव्हर कितीही मजबूत असली तरी आरटीओत तिच्या बाजूने बोलणारा कागद नसतो. परवानगीत न बसणारा बदल केल्याबद्दल कलम १८२-ए खाली प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

गाडी कर्जावर असेल तर किट बसवण्याआधी बँकेची लेखी संमती घ्या. हे राहिलं की पुढच्या पायरीला अर्ज अडकतो.

किट बसवून झालं की गॅरेजमधून लगेच बाहेर पडायचं नाही. ड्रायव्हरच्या सीटवर नेहमीसारखं बसा, सीट आणि स्टिअरिंग आपल्या उंचीला लावा आणि मग तपासा. घरातल्या कुणाला तरी ब्रेकचं पेडल पायाने पूर्ण दाबायला सांगा, ते कुठपर्यंत जातं ते बघा. मग तेच लिव्हरने करा. पेडल तिथपर्यंतच गेलं पाहिजे. लिव्हर डॅशबोर्डला किंवा तुमच्या मांडीला आधीच अडत असेल तर पूर्ण ब्रेक कधीच लागणार नाही, आणि हे कळेल ते नेमकं ज्या दिवशी पूर्ण ब्रेकची गरज असेल त्या दिवशी.

त्यानंतर इंजिन बंद करा आणि लिव्हर चार-पाच वेळा दाबा. ब्रेक दगडासारखा कडक होत जाईल, कारण पेडल हलकं करणारा बूस्टर इंजिन चालू असतानाच भरतो. या कडक अवस्थेतही तुमच्या हाताला लिव्हर पुढे रेटता येते का? चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर एवढाच जोर तुमच्या हाती असेल. रेटता येत नसेल तर फिटरला लिव्हर लांब करायला किंवा तिचा कोन बदलायला सांगा.

तिसरी तपासणी गाडीच्या मागे उभं राहून. लिव्हर मोकळी सोडलेली असताना ब्रेक लाइट विझलेला हवा. तो जळत असेल तर रॉड किंचित लांब बसला आहे आणि पेडल सतत थोडं दाबलेलं राहतं. अशी गाडी चालते, पण चाकं तापतात, पेट्रोल जास्त लागतं आणि एक दिवस घाटाच्या उतारावर ब्रेक ढिला पडतो. तसंच ॲक्सिलरेटर देऊन सोडल्यावर इंजिनचा आवाज लगेच खाली आला पाहिजे. रेंगाळला तर रॉड कुठेतरी घासतोय.

क्लॅम्पच्या प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून घ्या, अर्धी नटावर आणि अर्धी पट्टीवर. पहिल्या आठवड्यात आणि पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला बघा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. ॲक्सिलरेटरचं पेडल हल्ली प्लास्टिकचं असतं, त्यावर क्लॅम्प सैल होऊन सरकायची शक्यता जास्त. लिव्हरमध्ये आधी नसलेली मोकळी हालचाल जाणवू लागली की गाडी थांबवून खाली बघायचं.

मूळ पेडल जागेवर आणि वापरता येण्यासारखी राहिली पाहिजेत, शोरूमच्या मेकॅनिकलाही गाडी चालवायची असते. आणि कॉलममध्ये भोकं पाडून किट बसवू देऊ नका. तिथे एअरबॅगच्या वायरी असतात.

चौथी पायरी: आरसीवर नोंद

बदल झाल्यापासून १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. ताई सिंहगड रोडच्या, म्हणजे त्यांचं कार्यालय संगम पुलाजवळचं एमएच-१२. पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्यांनी एमएच-१४ ला जायचं. अर्ज vahan.parivahan.gov.in वर भरायचा, फी भरायची, आणि गाडी मोटार वाहन निरीक्षकांना दाखवायची. फाईलमध्ये आरसी, विमा, पीयूसी, यूडीआयडी, नमुना १-ए ची प्रत, किटचं मान्यता प्रमाणपत्र, किटचं बिल, बसवणाऱ्याचं पत्र, कर्ज असेल तर बँकेची संमती, आणि कलम ५२(२) ची ती प्रत.

निरीक्षक लिव्हर चालवून बघतील, प्रमाणपत्रावरचं मॉडेल जुळवतील. त्या वेळी ताई स्वतः हजर असाव्यात, कारण 'कोणासाठी' हा प्रश्न त्यांना बघूनच सुटतो. अर्ज तोंडी नाकारला गेला तर शांतपणे लेखी कारण मागा. माझा अनुभव असा की लेखी कारण मागितलं की बऱ्याचदा फाईल वरच्या अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथे कलम वाचलं जातं.

नवी आरसी हातात आली की तिथेच उभं राहून वाचा. वाहनाच्या वर्गात किंवा शेऱ्यात अडॅप्टेड व्हेईकल आलं आहे का? ते नसेल तर पुढची एकही पायरी धड होत नाही.

मग त्याच आठवड्यात विमा कंपनीला नव्या आरसीची प्रत पाठवा. मोटार विम्यात आयएमटी १२ नावाचं कलम आहे. अपंग व्यक्तीसाठी बदललेल्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट द्यायची ती तरतूद आहे आणि आरटीओची नोंद ही तिची अट आहे. हे मागितल्याशिवाय कोणी देत नाही. या सवलतीपेक्षाही पॉलिसीवर बदलाचा उल्लेख येणं महत्त्वाचं, नाहीतर कंपनी न कळवलेल्या बदलाचं कारण पुढे करते. किटची किंमतही विमा रकमेत धरायला सांगा.

पाचवी पायरी: कच्चं लायसन्स, सराव आणि परीक्षा

कच्चं लायसन्स sarathi.parivahan.gov.in वर. वाहनाच्या वर्गात 'Adapted Vehicle' निवडायचं. ते सहा महिने चालतं आणि पक्क्या परीक्षेला ते मिळून किमान ३० दिवस झालेले असावे लागतात. म्हणून घाईने आधीच काढून ठेवू नका. गाडी यायला, किट बसायला, आरसी सुधारायला वेळ गेला तर सरावाला महिनाच उरतो. किट बसवायची तारीख पक्की झाली की अर्ज करायचा, हा माझा हिशेब. अधिकाऱ्याची खात्री पटवायची असल्याने घरबसल्या काम होईल असं धरू नका, मूळ कागद घेऊन जायची तयारी ठेवा.

अपघातापूर्वीचं एलएमव्ही लायसन्स ज्यांच्याकडे आहे, त्यांना वाटतं ते चालेल. त्यांनीही हा वर्ग जोडून घ्यावा. अपंगत्वामुळे धोका होईल अशा स्थितीत गाडी चालवल्याचा ठपका आला तर कलम १८६ लागतं, आणि लायसन्स रद्द करण्याचा अधिकार आरटीओला आहेच.

सरावाचा प्रश्न खरा आहे. नेहमीच्या मोटार ट्रेनिंग स्कूलकडे हँड कंट्रोलची गाडी नसते, त्यामुळे आपल्याच गाडीत शिकावं लागतं. नियम असा की शेजारी वैध लायसन्स असलेली व्यक्ती हवी आणि ती गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेली हवी. मधला हँडब्रेक शेजारच्याच्या हाताला लागतो का ते पहिल्या दिवशी बघा. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'L' लावायचं. शिकवणारा पायाने गाडी चालवणारा असतो, तो सवयीने 'ब्रेक दाब' म्हणतो आणि शिकणाऱ्याचा हात क्षणभर गोंधळतो. आधीच ठरवून घ्या: ब्रेकसाठी 'ढकल', ॲक्सिलरेटर कमी करायला 'सोड'. शेजाऱ्याने एवढे दोनच शब्द वापरायचे.

पहिले काही दिवस फक्त मोकळ्या जागी, ॲक्सिलरेटर अजिबात न देता. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडला की स्वतःच हळू पुढे सरकते. त्या वेगात ब्रेकने गाडी हवी तिथे उभी करायला शिका. मग एका हाताने नॉब धरून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचा सराव. इंडिकेटर द्यायला लिव्हरवरचा हात काढायची सवय लागू देऊ नका. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजवीकडे असतो, म्हणून लिव्हर कोणत्या बाजूला हवी हे किट बसवतानाच ठरवायचं असतं. सिग्नलला एक-दीड मिनिट लिव्हर ढकलून धरली की मनगट भरून येतं. किटला ब्रेक अडकवायचा खटका असेल तर तो वापरा, नसेल तर गिअर न्यूट्रलमध्ये टाकून पार्किंग ब्रेक लावा.

पुणे आरटीओची चारचाकीची परीक्षा भोसरीला नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होते. ती स्वतःच्याच गाडीवर द्यायची, आणि तेव्हा सुधारलेली आरसी सोबत हवी. चढावर थांबून पुन्हा निघणं आणि रिव्हर्स या दोन ठिकाणी हाताने चालवणाऱ्यांना वेळ जास्त लागतो. रिव्हर्सला मागे वळून बघताना लिव्हरवरचा हात नकळत ओढला जातो आणि गाडी उसळते. आरशांवर आणि कॅमेऱ्यावर रिव्हर्स करायचा सराव त्यासाठीच. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा जाता येतं. तीनदा नापास झाल्यास ६० दिवस थांबावं लागतं.

त्यानंतरचं

राष्ट्रीय महामार्गांवर अपंग व्यक्तीच्या वापरासाठी खास रचलेल्या गाडीला टोलमाफी आहे, पण ती साध्या फास्टॅगवर मिळत नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, म्हणजे एनएचएआयकडे, सवलतीच्या फास्टॅगचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि तिथेही सुधारलेली आरसीच बघतात. तो टॅग येईपर्यंत खेड-शिवापूरला वाद घालण्यात अर्थ नाही, पैसे भरून पुढे जावं.

लायसन्स वयाच्या तिशीनंतर आणि पन्नाशीच्या आत काढलं तर दहा वर्षं चालतं. नूतनीकरणाला पुन्हा नमुना १-ए लागेल, तेव्हा त्याच डॉक्टरांकडे जुनी प्रत घेऊन जा. पोलिओ झालेल्यांच्या हातांची ताकदही वयानुसार कमी होऊ शकते. म्हणून इंजिन बंद करून कडक ब्रेक रेटायची ती तपासणी दरवर्षी करावी, आणि जड वाटू लागली तर नूतनीकरणाची वाट न बघता किटच्या फिटरकडे जावं.

गाडी बदलताना किट काढून नव्या गाडीत बसवता येतं, पण प्रत्येक मॉडेलचे रॉड आणि क्लॅम्प वेगळे असतात. जुने तसेच वाकवून बसवू देऊ नका. नव्या गाडीसाठी १४ दिवसांचा अर्ज पुन्हा करायचा. जुनी गाडी विकण्याआधी तिच्या आरसीवरची अडॅप्टेड व्हेईकलची नोंद काढून घ्यायची, नाहीतर घेणाऱ्याच्या नावावर हस्तांतर अडतं आणि तो फोन तुम्हालाच येतो.